थारोळ्यात काय असतं?

माझी भाची नववीत आहे, पुण्यात इंग्रजी माध्यमात शिकते. घरी मराठी बोलते, पण मराठी वाचायचं म्हटलं की दर दोन ओळींनी अडते. एका रविवारी ती वर्तमानपत्र घेऊन आली आणि म्हणाली, "मावशी, थारोळं म्हणजे रक्ताचा डाग ना?" बातमीत अपघातातला माणूस ‘रक्ताच्या थारोळ्यात’ पडलेला होता. मी विचारलं, "डाग कशावरून?" ती म्हणाली, "दर वेळी रक्तासोबतच असतं."

तिचं निरीक्षण अगदी बरोबर होतं. आजच्या मराठीत थारोळं हा शब्द रक्ताला सोडून जवळजवळ कुठेच जात नाही. चव्हाटा, वेस, दावण यांचंही तसंच झालं आहे. भांडण चव्हाट्यावर येतं, अब्रू वेशीवर टांगली जाते, कुणाला तरी दावणीला बांधलं जातं. पण चव्हाटा म्हणजे चार वाटा मिळतात ती जागा, वेस म्हणजे गावाचं प्रवेशद्वार आणि दावण म्हणजे गुरं ओळीनं बांधायची दोरी, हे शहरातल्या मुलांना माहीत असण्याचं कारण उरलेलं नाही. ज्या शब्दाला एकच सोबती असतो, त्याच्याबद्दल तो सोबती किती सांगणार? बातमीतून भाचीला एवढंच कळू शकत होतं की थारोळ्यात रक्त असतं आणि माणूस त्यात पडू शकतो. त्यावरून डाग, डबकं, धार, काहीही चाललं असतं.

तिला अर्थ सांगून टाकणं सोपं होतं. पण मी एक कागद घेतला आणि तिच्यासाठी पाच वाक्यं लिहिली. आमच्या आजोळच्या विहिरीवर मी लहानपणी जे पाहिलं, तेच.

‘पहाटेच आजोबा मोट धरत. बैल धावेवरून खाली उतरू लागले की नाडा ताणला जाई, मोट वर येई आणि थारोळ्यात भसकन रिती होई. थारोळं भरून वाहू लागलं की पाणी पाटानं मिरचीच्या वाफ्यांकडे निघे. त्याच्या एका कडेचा चिरा निखळला होता, म्हणून तिथं आजीनं मातीचा लपका लावला होता. दुपारी बैल सुटले तरी थारोळ्यात वीतभर पाणी राही आणि चिमण्या त्यात अंग भिजवून घेत.’

अट एकच घातली. पाचही वाक्यं वाचून होईपर्यंत थांबायचं नाही. नवा शब्द दिसला की आपण तिथंच ठेचकाळतो आणि पुढच्या ओळीत पडलेला खुलासा वाचायच्या आतच फोनवर अर्थ शोधायला लागतो. खुलासा बहुतेक वेळा शब्दाच्या मागे नसतो, पुढे असतो. लेखक आधी शब्द वापरतो, मग त्या वस्तूचं काहीतरी करतो. म्हणून निदान दोन-तीन वाक्यं पुढे जाऊन मगच मागे यायचं.

न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनच्या विद्यापीठात पॉल नेशन नावाचे भाषाशिक्षणाचे अभ्यासक आहेत. त्यांनी क्लार्क या सहकाऱ्याबरोबर 1980 साली अनोळखी शब्दाचा अर्थ काढायच्या पायऱ्या क्रमानं मांडल्या. इंग्रजी शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांसाठी केलेलं ते काम मराठीलाही छान लागू पडतं, फक्त पहिल्या पायरीला आपल्याकडे जास्त मेहनत आहे. ही पहिली पायरी अर्थाची नसते, व्याकरणाची असते: हा शब्द नाव आहे, विशेषण आहे की क्रियापद?

थारोळ्यात. शेवटी ‘त’ आहे, म्हणजे हे नाम, आणि ज्याच्या आत काही असू शकतं असं नाम. इंग्रजीत काम इथेच संपलं असतं, कारण तिथं शब्द वाक्यात शिरताना सहसा रूप बदलत नाही. मराठीत प्रत्यय लागायच्या आधी शब्द आपलं अंग बदलतो, त्यामुळे प्रत्यय काढून टाकला तरी मूळ शब्द हाती येत नाही, ‘थारोळ्या’ उरतो. त्यावरून मूळ शब्द थारोळा असेल, नाहीतर थारोळं. दोन्हींचं रूप एकच होतं. गाय दाव्याला बांधतात ते दावं आणि कोर्टात दाव्याला तारीख पडते तो दावा. दोरीचा आणि खटल्याचा काही संबंध नाही, पण ‘दाव्याला’ म्हटल्यावर दोघं सारखेच दिसतात. अशा वेळी आजूबाजूला तोच शब्द प्रत्ययाशिवाय कुठे आला आहे का, हे शोधायचं. भाचीनं बोट ठेवलं: ‘थारोळं भरून वाहू लागलं’. तर शब्द नपुंसकलिंगी, थारोळं. याचा उपयोग पुढे कोश उघडताना होतो, कारण कोशात ‘थारोळ्यात’ सापडत नाही. जुन्या कोशांत तर असे शब्द ‘थारोळें’ असे डोक्यावर अनुस्वार देऊन छापलेले असतात.

दुसरी पायरी म्हणजे शब्दाच्या अगदी शेजारी कोण उभं आहे ते पाहणं. मी भाचीला अर्थ विचारलाच नाही. विचारलं, "थारोळं काय करतं? आणि त्याचं कोण काय करतं?" ती एकेक सांगत गेली. त्यात मोट रिती होते. ते भरतं. भरून वाहतं. त्यात पाणी राहतं. मोट म्हणजे विहिरीतून पाणी ओढायची चामड्याची मोठी पिशवी, हे तिला पाठ्यपुस्तकातल्या चित्रामुळे माहीत होतं. नसतं तर आम्हाला आधी मोटेशी थांबावं लागलं असतं. क्रियापदांच्या मागे लागलं की नाम आपोआप आकार घेतं. रितं होणं, भरणं, वाहणं ही भांड्याची क्रियापदं आहेत, डागाची नव्हेत. डाग भरत नाही. एवढ्यावर तिचा पहिला अंदाज गळून पडला, आणि तो तिनं स्वतःच टाकला.

तिसरी पायरी जरा लांबची: वाक्यांचा एकमेकांशी संबंध. इथं मी सगळ्यात जास्त वेळ घेते, कारण मुलं हे छोटे शब्द वाचतच नाहीत. पण, म्हणून, तरी, मात्र, की. डोळा त्यांच्यावरून घसरतो. भाचीचा नवा अंदाज होता, "पाणी वाहून नेतो तो रस्ता." वाईट नव्हता, मोटेतून पाणी पडतं आणि पुढे वाहतं, एवढं त्यात बसत होतं. मी शेवटचं वाक्य मोठ्यानं वाचायला सांगितलं. ‘बैल सुटले तरी थारोळ्यात वीतभर पाणी राही.’ यातला ‘तरी’ काय म्हणतो? बैल सुटले म्हणजे मोट थांबली, नवं पाणी येणं बंद झालं, म्हणजे पाणी संपायला हवं होतं. पण संपलं नाही. वाहता रस्ता असता तर तो रिकामा झाला असता. थारोळ्याला तळ आहे आणि ते पाणी धरून ठेवतं. शिवाय रस्त्यासाठी मधल्या वाक्यात वेगळा शब्द आहेच, पाट. एका दोन अक्षरी ‘तरी’नं आणि एका शेजाऱ्यानं मिळून दुसरा अंदाजही बाद केला.

सर्वनामं याच पायरीवर सोडवायची. ‘त्याच्या एका कडेचा चिरा निखळला होता.’ कुणाच्या? मागच्या वाक्यात थारोळं आहे, पाणी आहे, पाट आहे, वाफे आहेत. वाफे असते तर ‘त्यांच्या’ आलं असतं. पाण्याला चिरा नसतो. पाट पुल्लिंगी, थारोळं नपुंसकलिंगी, पण ‘त्याच्या’ दोघांनाही चालतं. इथं मराठी आपल्याला सोडवत नाही. मी तिला म्हटलं, हा पुरावा कच्चा समजायचा. थारोळ्याला दगडी कड असावी असं वाटतं, पण केवळ याच्या जोरावर काही ठरवायचं नाही. अंदाज करताना कुठला धागा पक्का आणि कुठला कच्चा, हे वेगळं ठेवता आलं की निम्मं काम झालं.

मग अंदाज. तोही नेमका एक शब्द शोधून करायचा नाही, जेवढं कळलं तेवढंच सांगायचं. तिनं सांगितलं, "विहिरीच्या काठावर मोटेचं पाणी पडतं आणि साठतं, असं काहीतरी. बहुतेक दगडाचं." हे ‘असं काहीतरी’ आणि ‘बहुतेक’ मला फार आवडलं. तिनं ‘टाकी’ म्हटलं असतं, तर टाकीसोबत झाकण, तोटी, गच्ची असं न लिहिलेलं बरंच काही मनात आलं असतं.

पडताळणी म्हणजे आपला अर्थ शब्दाच्या जागी प्रत्येक ठिकाणी घालून बघणं. एका जागी बसला म्हणून खूश व्हायचं नाही. हौद घालून पाहिला: मोट हौदात रिती होई, हौद भरून वाहू लागला, हौदात वीतभर पाणी राही. बसला. फक्त ‘लागलं’चं ‘लागला’ करावं लागलं, ते लिंगाचं. मग मी वर्तमानपत्र पुन्हा तिच्यापुढे ठेवलं. रक्ताच्या थारोळ्यात. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "म्हणजे इतकं, की साचलेलं."

मोटेचं पाणी ज्यात पडतं तो विहिरीच्या काठचा उथळ हौद म्हणजे थारोळं. विजेचे पंप आले, मोटा बंद पडल्या, हौद पडीक झाले आणि शब्द रक्तापुरता उरला.

याच वाक्यांत एक शब्द होता, ज्यावर ती अडलीच नाही: ‘धावेवरून’. तिला वाटलं, बैल धावत खाली उतरले. धाव म्हणजे पळणं, किंवा क्रिकेटमधली. खरं तर मोटेचे बैल धावत नाहीत, दमादमानं चालतात. धाव म्हणजे विहिरीपासून दूर उतरत जाणारी ती उताराची वाट, जिच्यावरून बैल खाली गेले की त्यांच्या वजनानं मोट वर येते. वाक्यात खूण होती: धावे‘वरून’ खाली, म्हणजे धाव ही जागा आहे. अनोळखी शब्द निदान आपल्याला थांबवतो. ओळखीचा शब्द अनोळखी अर्थानं आला की आपण न थांबताच चुकतो आणि चुकल्याचं कळतही नाही. यावर एकच उपाय मला सापडला आहे. वाक्य वाचून मनात चित्र उभं करायचं, आणि चित्रात काही विचित्र दिसलं, तर सगळ्यात सोप्या वाटणाऱ्या शब्दावर आधी संशय घ्यायचा.

आता एक पायरी मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे: शब्द फोडून पाहणं. नेशन आणि क्लार्क यांनीही ती शेवटीच ठेवली होती. आपल्याला शाळेपासून संधी सोडवायची, समास फोडायचा सराव असतो, त्यामुळे हात आधी तिकडेच जातो. थारोळं फोडलं तर ‘थारा’ दिसतो, आणि मग थारा म्हणजे आसरा, म्हणजे थारोळं म्हणजे आसऱ्याची जागा, अशी गाडी सुटते. एकदा ती सुटली की वाक्यातला पुरावा आपण तिच्या सोयीनं वाचायला लागतो. हाच खरा धोका आहे.

‘अपरोक्ष’ घ्या. परोक्ष म्हणजे डोळ्यांआड. त्याला नकाराचा ‘अ’ लावला तर अर्थ व्हायला हवा डोळ्यांसमोर, प्रत्यक्ष. संस्कृतात तसाच आहे. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या ‘अपरोक्षानुभूति’ या ग्रंथाच्या नावात तो याच अर्थानं येतो. पण रोजच्या मराठीत ‘माझ्या अपरोक्ष त्यानं घर विकलं’ म्हणजे मला न कळवता, माझ्या माघारी. म्हणजे तोच शब्द एका पानावर प्रत्यक्ष आणि दुसऱ्या पानावर माघारी. फोड दोन्हीकडे सारखीच आहे. कोणता अर्थ घ्यायचा हे वाक्यच सांगतं.

फोड उपयोगी पडते ती वाक्यानं वाट दाखवल्यावर. सातबाऱ्यावर ‘पोटखराब’ असं लिहिलेलं असतं. शब्द फोडून पोटाच्या दुखण्याकडे जाण्यात काही अर्थ नाही. पण भोवती काय आहे? गट क्रमांक, लागवडीचं क्षेत्र, आकारणी, हेक्टर आणि आर. म्हणजे हे जमिनीबद्दल आहे आणि त्यापुढे क्षेत्राचा आकडा आहे. आता फोडा. ‘पोट’ आणखी कुठे असं येतं? पोटकलम, पोटहिस्सा, पोटभाडेकरू. मोठ्याच्या आत असलेलं, त्याचाच भाग असलेलं. त्यावरून पोटखराब म्हणजे त्या गटाच्या आतली खराब जमीन, लागवडीला न येणारी: खडक, नाला, वाट असं काही. आधी विषय कळला, म्हणून पोटाचा बरोबर अर्थ निवडता आला.

हे सगळं करूनही पुष्कळदा अर्थ लागत नाही, आणि त्यात वाचणाऱ्याची चूक असतेच असं नाही. अमेरिकेत इझाबेल बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1983 साली शाळेच्या वाचनमालेतले उतारे घेतले, त्यांतले काही शब्द झाकले आणि ते ओळखायला प्रौढ माणसांना सांगितलं. जिथं वाक्यं शब्दाकडे नीट बोट दाखवत होती, तिथं 86 टक्के शब्द ओळखले गेले. जिथं वाक्यं उलट्या दिशेला नेत होती, तिथं 3 टक्के. मोठी, जाणती माणसं, आणि तरी 3 टक्के.

उलट्या दिशेला नेणं म्हणजे काय, ते दोन वाक्यांत दिसतं. ‘लग्नघरात सनई वाजत होती, मुलं नाचत होती. खिन्न रमा दारात उभी होती.’ ज्याला खिन्न हा शब्द माहीत नाही, तो आनंदी, सजलेली, नटलेली असंच काहीतरी धरून चालेल आणि पडताळून पाहिलं तरी ते बसेल. आता एक शब्द घाला: ‘रमा मात्र खिन्न उभी होती.’ लगेच कळतं की बाकीच्यांहून तिचं वेगळं आहे. लेखकानं तो ‘मात्र’ दिला नसेल, तर तो वाचकाच्या हाती नाही. म्हणून ‘या उताऱ्यातून कळत नाही’ हे उत्तर मी पूर्ण गुणांचं मानते. खूण म्हणजे, तुमचे दोन परस्परविरुद्ध अंदाज एकाच जागी सारखेच छान बसत असतील, तर वाक्य मुकं आहे. पुढे जायचं, शब्द पुन्हा भेटेल.

दुसरी अडचण गर्दीची. पाच वाक्यांत थारोळं एकटं अनोळखी होतं, म्हणून बाकीच्यांनी त्याच्याबद्दल साक्ष दिली. मोट, नाडा, पाट, वाफा, चिरा हेही अनोळखी असते तर साक्षीदारच उरले नसते. नेशन यांनी हू या संशोधकाबरोबर 2000 साली गोष्टीतले शब्द वेगवेगळ्या प्रमाणात निरर्थक शब्दांनी बदलून पाहिले. पाचातला एक शब्द अनोळखी असलेली गोष्ट पुरेशी समजलेला वाचक त्यांना एकही सापडला नाही. आरामात वाचता येण्यासाठी पन्नास शब्दांत एखादाच अनोळखी असावा, असं त्यांच्या हाती आलं. मुलासाठी पुस्तक निवडताना मी कुठलंही एक पान उघडून हेच मोजते. पानात चार-पाच अडणारे शब्द असतील तर हरकत नाही. दर ओळीत एक असेल तर ते पुस्तक एकट्यानं वाचायचं नाही, कुणीतरी शेजारी बसायला हवं.

आणि काही कागदांवर अंदाज करायचाच नाही. आमच्या शेजारच्या काकांचे थोरले भाऊ वारले, तेव्हा जमिनीच्या उताऱ्यावर लहानग्या पुतण्याच्या नावाशी ‘अज्ञान’ लिहून आलं. काकांना ते फार लागलं. पोराला अडाणी म्हटलं, असं त्यांना वाटलं. कायद्याच्या भाषेत अज्ञान म्हणजे अठरा वर्षांखालचा, आणि सज्ञान म्हणजे वयात आलेला. त्याच नोंदीत ‘अ.पा.क.’ म्हणून त्याच्या आईचं नाव होतं, अज्ञान मुलाच्या वतीनं व्यवहार पाहणारी पालक म्हणून. ती आद्याक्षरं उलगडली असती तर वाक्यानं अर्थ सांगितला असता. पण आद्याक्षरं तरी कोण उलगडून देतं? ज्या कागदाखाली सही करायची, जे औषध घ्यायचं, तिथं अंदाज हा फक्त ‘कुणाला तरी विचारलं पाहिजे’ हे कळण्यापुरता.

काढलेला अर्थ लक्षात राहील का, हा प्रश्न त्याहून वेगळा आहे. नेदरलँड्समधल्या दोन अभ्यासकांनी 1999 साली अशा वीस प्रयोगांचे निकाल एकत्र तपासले. वाचता वाचता भेटलेल्या शंभर अनोळखी शब्दांपैकी साधारण पंधरा वाचणाऱ्याजवळ राहतात, असं त्यातून दिसलं. बाकीचे पुन्हा भेटावे लागतात. म्हणून मी भाचीला वहीच्या मागच्या पानावर शब्द आणि अर्थ लिहायला सांगत नाही, शब्द जिथं भेटला ते वाक्य लिहायला सांगते. तिच्या पानावर आता थारोळं दोनदा आहे, एकदा बातमीतलं आणि एकदा चिमण्यांचं. मे महिन्यात आम्ही आजोळी गेलो, तेव्हा ती विहिरीच्या काठाशी बराच वेळ उकिडवी बसून होती. विहिरीवर आता पंप आहे. थारोळ्यात पाला साचला आहे. तिनं तो हातानं बाजूला केला, कडेवरून बोट फिरवत निखळलेल्या चिऱ्याची जागा शोधली आणि तिथूनच मला हाक मारली, "मावशी, त्याच्या म्हणजे थारोळ्याच्याच!"